मदत हवी आहे: आईचे "पाय दुखतात" हे डॉक्टरांना नेमकं कसं सांगायचं?

मृणाल_क

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची आहे, कराडजवळ गावी असते. शुगर जुनी आहे, बीपीची गोळी चालू आहे. गेलं वर्षभर पाय दुखतात. गावातल्या डॉक्टरांकडे नेलं की ते विचारतात, "कुठं दुखतं? कसं दुखतं?" आई म्हणते, "सगळंच दुखतंय बघा." मग कॅल्शियम, दुखण्याची गोळी आणि मलम घेऊन आम्ही परत येतो. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच.

येत्या गुरुवारी तिला पुण्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. तिथे फार तर दहा मिनिटं मिळतील. घरी ती वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं बोलते: देवळापर्यंत गेलं की "पाय भरून येत्यात", रात्री "वांब आला", कधी "तळव्यांची आग होतेय, मिरची झोंबल्यागत". डॉक्टरांसमोर यातलं काहीच तोंडातून येत नाही. तिचं दुखणं मी नीट मांडायचं कसं? आधीपासून काय लिहून ठेवू?

शशिकांत_७१

मृणालताई, वेळ घालवू नका. चालल्यावर दुखतं आणि थांबल्यावर थांबतं म्हणजे पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा. आमच्या सासऱ्यांचं अगदी असंच होतं, वर्षभर संधिवात समजून तेल लावत बसलो. शेवटी डॉप्लर केल्यावर कळलं. तुमच्या आईंना शुगर आहे म्हणजे तेच असणार. सरळ डॉप्लर लिहून मागा, वर्णनाच्या भानगडीत पडू नका. आणि डॉक्टर दहापैकी किती दुखतं विचारतील तेव्हा आठच्या वरचा आकडा सांगा, नाहीतर कोणी मनावर घेत नाही.

रेवा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कंबर आणि गुडघ्यांचे पेशंट रोज बघते. शशिकांतकाकांचा संशय रास्त आहे, शुगर असलेल्या माणसाच्या पायाचं रक्त तपासायलाच हवं. पण "थांबल्यावर थांबतं" इतक्यावर निकाल लागत नाही. थांबल्यावर म्हणजे नुसतं उभं राहिल्यावर, की बसल्यावर? सगळं तिथेच अडतं.

रक्त कमी पडत असेल तर पोटरीत आवळल्यासारखं दुखतं, साधारण ठरावीक अंतर चाललं की सुरू होतं आणि जागेवर उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत ओसरतं. चढ चढताना लवकर येतं, कारण स्नायूंना जास्त रक्त लागतं. कंबरेच्या मणक्यात नसांची वाट अरुंद झाली असेल तर उभं राहून भागत नाही, बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. अशी माणसं चढ बऱ्यापैकी चढतात, उतारावर मात्र त्रास होतो, कारण उतरताना कंबर मागे ताणली जाते. दोन्हींत पेशंट एकच वाक्य बोलतो: चाललं की पाय भरून येतात.

मृणाल, आईला "कसं दुखतं?" असं विचारू नकोस. त्यांनी कधी काय केलं ते विचार. देवळाच्या वाटेवर पहिल्यांदा कुठे थांबतात? थांबून काय करतात? वांब येतो तेव्हा पोटरीला हात लावला तर गोळा लागतो का? आग पायाच्या कोणत्या भागात, एका की दोन्ही पायांना? रात्री झोपेत पाय पलंगाखाली सोडावासा वाटतो का? आणि चप्पल पायातून निसटून मागे राहिली असं कधी झालंय का?

आकड्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ठरवून आठ सांगितला तर पुढच्या वेळी बरं वाटलं की नाही हे कशाशी ताडणार? आकड्याबरोबर एक काम जोडा: "सहा, म्हणजे भाकरी उभ्यानं थापता येत नाही, बसून थापते." डॉक्टरांना यातून जास्त कळतं.

गणेश_पाटील_कागल

ताई, इथेच विचारतो. माझ्या अंगठ्याला नखाच्या कडेला सूज आली आहे. सारखा ठणका लागतोय, नाडी उडते तसा ठोका अंगठ्यात जाणवतो. काल रात्रभर झोप नाही. हात खाली सोडला की जीव जातो, उशीवर उंच ठेवला की जरा बरं. हळद-चुन्याचा लेप लावला आहे. हे पण रक्तवाहिनीचंच असेल का?

रेवा_फिजिओ

गणेशदादा, हे नखुरडं दिसतंय, माझ्या विषयाबाहेरचं आहे. पण ठोक्यासारखा ठणका आणि रात्रीची झोप उडाली म्हणजे आत पू धरला असण्याची शक्यता बरीच असते, आणि तो लेपाने जात नाही. आजच डॉक्टरांना दाखवा. आता लिहिलंत अगदी तसंच सांगा, "हात खाली सोडला की वाढतं" हेसुद्धा. शुगर असेल तर तेही सांगा.

मृणाल_क

रेवाताई, खूप आभार. काल फोनवर आईशी तासभर बोलले. तुम्ही म्हणालात तसं "कसं दुखतं" विचारलंच नाही, तर ती भराभर बोलत गेली.

देवळाच्या वाटेवर पिंपळाचा पार आहे, तिथवर पोचेपर्यंत दोन्ही पाय मांड्यांपासून खाली भरून येतात, जड होतात. नुसतं उभं राहून काही होत नाही, पारावर टेकलं की पाच-सात मिनिटांत मोकळं वाटतं. देवळात रांग असली तर ती कठड्यावर हात टेकून ओणवी उभी राहते, "तसं उभं राह्यलं की चालतं." येताना उतार आहे आणि तिला येतानाच जास्त त्रास होतो. मला वाटायचं देवळात बसून पाय आखडत असतील.

वांब पहाटे येतो, कधी उजव्या पोटरीत, कधी डाव्या. हाताला दगडासारखा गोळा लागतो. शेजारच्या काकूंनी पायाची बोटं तिच्याकडे ओढून धरली की सुटतो, पण पोटरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठुसठुसते. आठवड्यातून एक-दोनदा होतं.

आग तळव्यांना आणि बोटांना, दोन्ही पायांना सारखीच, अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. चादर लागली तरी सहन होत नाही म्हणून पाय उघडे टाकते. पाय पलंगाखाली सोडून काही फरक पडत नाही म्हणाली. आणि चप्पल! मागच्या महिन्यात ओट्यापासून गोठ्यापर्यंत एका पायात चप्पल नसतानाच गेली, हे तिने आत्ता सांगितलं.

रेवा_फिजिओ

बघ, हे एक दुखणं नाहीच, तीन आहेत. आजवर डॉक्टरांनी तिन्हींना मिळून एक गोळी दिली, कारण त्यांच्या कानावर एकच वाक्य गेलं.

चालण्याचं दुखणं ऐकून मला कंबरेचा संशय जास्त येतो: बसल्यावर आराम, ओणवं झाल्यावर आराम, उतारावर त्रास. दुसरं, दोन्ही तळव्यांची रात्रीची आग आणि निसटलेली चप्पल न कळणं, हे शुगरमुळे नसांवर परिणाम झाल्यासारखं वाटतं. आग होते म्हणजे तिथे संवेदना शाबूत आहे असं लोक समजतात, पण पाय जळतोय आणि त्याच पायाला खडा टोचलेला कळत नाही असं होऊ शकतं. त्यामुळे गुरुवारपर्यंत रोज संध्याकाळी कुणीतरी त्यांचे तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या बघा, जखम किंवा फोड असेल तर तोही दाखवायचा. तिसरा वांब. तो वेगळाच लिहायचा, गोळा हाताला लागतो हे विसरू नकोस.

पाय पलंगाखाली सोडण्याचं मुद्दाम विचारलं होतं. रक्त फारच कमी पोचत असेल तर आडवं झाल्यावर पाऊल दुखतं आणि खाली लोंबकळत सोडल्यावर बरं वाटतं. तसं नाही हे चांगलंच आहे, तरी पावलाची नाडी तपासायला सांगाच, कारण एकाच माणसात कंबर आणि रक्तवाहिनी दोन्ही असू शकतात. म्हणून शशिकांतकाकांचा डॉप्लर मी खोडून काढत नाही.

कागदावर आईच्याच शब्दांत असं लिही:

"चालताना: दोन्ही पाय मांडीपासून खाली भरून येतात, जड होतात. पारापर्यंत चालवतं. उभं राहून जात नाही, बसलं किंवा वाकलं की पाच-सात मिनिटांत जातं. उतारावर जास्त.
रात्री: दोन्ही तळवे आणि बोटं, मिरची झोंबल्यासारखी आग. चादर सहन होत नाही. चप्पल निसटलेली कळली नाही.
पहाटे: पोटरीत वांब, दगडासारखा गोळा, आठवड्यातून एक-दोनदा. बोटं ओढली की सुटतो."

खाली चालू गोळ्यांची नावं आणि कोणतं दुखणं कधी सुरू झालं ते. रोगाचं नाव तू लिहू नकोस, मी म्हटलेलंही नको. नाव वाचलं की डॉक्टरांचं विचारणं त्याच दिशेला जातं.

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल अचानक लुळं पडलं, किंवा एकच पोटरी सुजून गरम लागायला लागली, तर गुरुवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

शशिकांत_७१

उभं राहून आणि बसून यातला फरक आम्हाला कोणी विचारलाच नव्हता. सासरे जागच्या जागी उभे राहायचे, दुकानाच्या पाट्या वाचल्यासारखं करायचे आणि पुढे निघायचे. आता जुळतंय. मात्र कागद डॉक्टर वाचतील का याची शंका आहे. आमच्याकडे बाजूला ठेवला आणि म्हणाले, तोंडी सांगा.

स्नेहल_नाशिक

माझा अनुभव वेगळा आहे. मी आजीच्या वतीने सगळं बोलायचे, तर डॉक्टरांनी मला थांबवलं आणि तिलाच विचारलं. तिने हाताचा पंजा पसरून सबंध पाठीवरून फिरवला, आणि दुसऱ्या वेळी एका बोटाने बरगडीवर एक जागा दाबून दाखवली. त्या बोटावरून त्यांनी तपासायला सुरुवात केली. आईंना बोलू द्या, त्या अडल्या तरच कागद काढा.

रेवा_फिजिओ

स्नेहलचं पटतं. दुखरी जागा आईनेच हाताने दाखवायची. पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका डॉक्टरांसमोर "बरंय आता" म्हणून मोकळ्या होतात, तिथे कागद लागतोच.

मृणाल_क

कागद तयार केला, आईला फोनवर वाचून दाखवला. "पार" बरोबर आहे, पण भर उन्हात पारापर्यंतही जमत नाही म्हणाली, ते वाढवलं. रेवाताई, एक राहिलं: कोलेस्टेरॉलची गोळी चालू झाल्यावर वांब वाढले असं तिला वाटतं. तसं होतं का?

रेवा_फिजिओ

त्या गोळ्यांनी काही जणांचे स्नायू दुखतात हे खरं. पहाटेचा वांब त्यानेच येतो का, हे मी इथून सांगू शकत नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका. कधी सुरू केली तो महिना कागदावर लिही आणि डॉक्टरांना विचार.