अनुभव धागा: डिजिलॉकरमधला कागद एक नाव सांगतो, आपण भरलेलं दुसरंच

परळची_आई

लेकीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फॉर्मने महिनाभर घाम काढला. म्हटलं इथे लिहून ठेवावं, आणि तुम्हीही तुमचं लिहा.

फॉर्ममध्ये नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा तीन चौकटी होत्या. मी आधार समोर ठेवून Rutuja, Sandip, Sawant असं भरलं. मग दहावीची मार्कशीट डिजिलॉकरमधून घ्यायचं बटण दाबलं. आधारला नंबर ह्यांचा, आणि हे लोकलमध्ये. ओटीपी वाचून दाखवेपर्यंत रेंज गेली, वेळ संपली. दुसऱ्या खेपेला मार्कशीट आली आणि तिच्याखाली लाल ओळ: नाव जुळत नाही.

मला वाटलं, बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, त्याचाच घोळ. म्हणून आडनाव पहिल्या चौकटीत टाकून पाहिलं. लाल ओळ तशीच. तासाभराने लेक म्हणाली, "आई, मार्कशीट उघडून तरी बघ ना." डिजिलॉकरमध्ये Issued मध्ये जाऊन ती मोठी करून पाहिली. SAWANT RUTUJA SANDEEP. दोन ई! आधारवर एक आय. आधार काढताना स्पेलिंग ह्यांनीच सांगितलं होतं, त्यामुळे भांडायलाही कोणी नाही.

Sandeep टाकलं तर मार्कशीट हिरवी झाली आणि आधारची पडताळणी लाल. पुढे काय केलं ते सांगते, आधी तुमचं येऊ द्या.

चाळीतला_चार्ल्स

एवढा त्रास कशाला? मार्कशीट स्कॅन करा, डिजिलॉकरमध्ये अपलोड करा आणि तीच जोडा. मी भाच्याच्या वेळी असंच केलं, काही अडलं नाही. सरकारी लॉकरमधला कागद मूळ कागदासारखाच धरतात, तसा नियमच आहे.

फॉर्मवाला

चार्ल्सभाऊ, नियम आहे, पण तो खात्याने स्वतः दिलेल्या कागदाला लागू. आपण चढवलेला स्कॅन हा आपलाच स्कॅन राहतो, लॉकरमध्ये ठेवला म्हणून तो मूळ होत नाही. भाच्याच्या फॉर्मला साधी पीडीएफ चालत असणार.

मी असे फॉर्म बनवणाऱ्या कंपनीत आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. फॉर्म पीडीएफवरची अक्षरं वाचत बसत नाही. कागदासोबत माहितीची एक फाइलही मिळते, तुलना तिच्याशी होते. परळच्या ताईंच्या बाबतीत दोन फाइलींमध्ये साधारण असं आलं असेल:

```xml
<Poi name="Rutuja Sandip Sawant" gender="F" .../>
<Person name="SAWANT RUTUJA SANDEEP" .../>
```

वरची ओळ आधारची, खालची मार्कशीटची. लहान-मोठी अक्षरं आणि शब्दांचा क्रम याकडे आम्ही काणाडोळा करतो, कारण महाराष्ट्रात आडनाव आधी येणारच हे माहीत असतं. (सगळे फॉर्म करतात असं नाही. काही भोळे असतात, त्यांना क्रमही चालत नाही.) पण Sandip आणि Sandeep हे आमच्या लेखी दोन माणसं. थोडा फरक चालवून घ्यायची सोय करता येते. किती फरक चालवायचा हे मात्र ज्याचा फॉर्म तो ठरवतो, म्हणून एकीकडे चाललेलं नाव दुसरीकडे अडतं.

आणखी एक. मार्कशीट आली आणि मग लाल ओळ दिसली, तर तुमचं टाइप केलेलं आणि कागद जुळत नाही. कागदच आला नाही, तर बरेचदा तो देणाऱ्याकडेच आधारवरचं नाव जुळलेलं नसतं. तिथे फॉर्मशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही.

माहेर_शिवडी

हे दुसरं माझं झालं! लग्नानंतर आधारवर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं, पदवी माहेरच्या नावाची. डिग्री शोधली की "रेकॉर्ड सापडलं नाही". मी तीनदा सीट नंबर तपासला, वर्ष तपासलं, पुन्हा शून्य. नोकरीच्या फॉर्ममध्ये शेवटी "पूर्वीचं नाव" ही चौकट सापडली, त्यात माहेरचं नाव टाकून विवाह नोंदणीचा दाखला आणि डिग्रीचा स्कॅन जोडला. फॉर्म गेला. डिजिलॉकरमध्ये डिग्री मात्र आजही येत नाही.

गोरेगावकर

माझं नाव जुळलं, जिल्हा अडला. आधारवर जिल्हा Mumbai, फॉर्मच्या यादीत Mumbai City आणि Mumbai Suburban. फॉर्मला Mumbai नावाचं काही सापडेना, म्हणून चौकट रिकामी आणि वर कुलूप, हाताने निवडूही देईना. आम्ही गोरेगावचे, म्हणजे उपनगर जिल्हा. हेल्पलाइनवाल्याने ते कुलूप काढून दिलं, कसं ते विचारू नका.

जुना_लायसनवाला

माझं लायसन 1998 चं, पुस्तकाचं. डिजिलॉकरमध्ये येतच नाही. पोलिसाला मोबाइलवर दाखवता येईल का?

फॉर्मवाला

काका, आलं तर दाखवता येईल. जुना नंबर जसाच्या तसा टाकू नका. MH, आरटीओचे दोन अंक, वर्षाचे पूर्ण चार अंक, आणि उरलेला नंबर पुढे शून्यं लावून सात अंकी करा. तरीही आलं नाही तर पुस्तकातली नोंद संगणकावर चढलेली नसेल. त्यासाठी लायसन जिथून निघालं त्या आरटीओतच जावं लागेल.

जुना_लायसनवाला

म्हणजे परत रांग.

परळची_आई

माझं पुढचं सांगते. बोर्डाची नोंद बदलायची तर शाळेमार्फत वाशीला विभागीय मंडळाकडे अर्ज, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येही Sandeep च आहे. तो रस्ता बंद. म्हणून आधार बदलायचं ठरवलं. केंद्रावरच्या मुलीने आधी बजावलं, "मॅडम, नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, स्पेलिंग नीट बघा." मूळ मार्कशीट दाखवली, पावती घेतली. बाराव्या दिवशी मेसेज आला, नाव बदललं.

फॉर्म उघडला तर आधार अजून लाल. डिजिलॉकरमध्ये पाहिलं, तिथे जुनंच आधार बसलेलं. ते पुन्हा मागवलं, नवीन नाव दिसलं. फॉर्म तरीही लाल! दोन दिवस यातच गेले.

फॉर्मवाला

कारण फॉर्मने पहिल्यांदा घेतलेली प्रत स्वतःकडे ठेवली होती. लॉकरमध्ये काय बदललं हे तो आपणहून बघायला जात नाही.

परळची_आई

हो, ते नंतर कळलं. जोडलेलं आधार फॉर्ममधून काढलं, पुन्हा संमती दिली, पुन्हा ह्यांचा ओटीपी. या वेळी त्यांना घरीच बसवलं. दोन्ही हिरवे.

माहेर_शिवडी

ताई, जातीचा दाखला जोडायचाय का? त्यावर वडिलांचं नाव कसं आहे?

परळची_आई

Sandip. ह्यांच्या पॅनवरही Sandip, आधारवरही Sandip. आता लेकीच्या आधारवर बाप दोन ईंचा आणि बापाच्या स्वतःच्या आधारवर एका आयचा. दाखल्याची पायरी अजून यायची आहे. कोणी यातून गेलं असेल तर सांगा, प्रतिज्ञापत्र चाललं का?

गोरेगावकर

आमच्याकडे चाललं होतं, पण तिथे माणूस कागद तपासत होता. तुमच्याकडे माणूस आहे की नुसती लाल ओळ?

परळची_आई

सोमवारी केंद्रावर जाऊन विचारते.