पावलं मोजणारं अ‍ॅप: बॅटरी वाचवायला गेलो तर पावलंच गायब. सल्ला हवाय

रंकाळ्याची_फेरी
नमस्कार मंडळी. आईसाठी पावलं मोजणारं छोटं अ‍ॅप स्वतःच लिहिलंय, अँड्रॉइड, कॉटलिनमध्ये. ती रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारते आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर आकडा टाकायचा असतो. तयार अ‍ॅपं जाहिराती दाखवतात, त्या तिला बंद करता येत नाहीत. बजेट शून्य. बँड, घड्याळ, नवीन फोन काहीही घ्यायचं नाहीये, हे आधीच सांगतो.

आतापर्यंतचा हिशोब असा. आईनं जपमाळ हातात धरून बरोबर 108 पावलं टाकली. नुसत्या अ‍ॅक्सेलरोमीटरचे चढउतार मोजले तर अ‍ॅपनं 171 दाखवली. मग वाचन गुळगुळीत करायला लो-पास फिल्टर लावला, अल्फा 0.1, आणि 0.8 च्या वर गेलं की एक पाऊल धरलं. आकडा 104 आला, मी खूश. पण सकाळी सहाला पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारी दोनपर्यंत 18 टक्क्यांवर. म्हणून वाचनांचा वेग कमी करायला `SENSOR_DELAY_GAME` काढून `SENSOR_DELAY_UI` केलं. बॅटरीत जेमतेम फरक पडला आणि 108 ची झाली 31. बाकी एक ओळही बदललेली नाही. कुठे चुकतंय?

सह्याद्रीभटका
बँड घेऊन टाका आईंना. मी दोन वर्षं वापरतोय, आठवड्यातून एकदा चार्जिंग, पाण्यात पडला तरी चालू. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेनं गेलो तेव्हा सगळ्यांचे फोन मेले होते, माझा बँड चालू होता.

रंकाळ्याची_फेरी
दादा, ठळक अक्षरांत लिहिलंय हो.

कोडकटिंग_सलून
सोपं आहे. `SENSOR_DELAY_NORMAL` करा, सेकंदाला पाचच वाचनं येतात, बॅटरी वाचणारच. आणि अल्फा-बिल्फा सोडा, सरळ कालमन फिल्टर लावा. मी ड्रोनला लावला होता, एकदम मक्खन.

एम्बेडेड_मावशी
सलूनवाले, माणूस सेकंदाला दीड-दोन पावलं टाकतो आणि तुम्ही त्याच्याकडे सेकंदातून पाचदाच बघणार. एका पावलाला अडीच-तीन ठिपके. त्यातून शिखर कसं शोधणार? कालमन लावा नाहीतर गंगाजल शिंपडा, जे पकडलंच नाही ते परत येत नाही.

धागाकर्ते, तुमचा घोळ मला दिसतोय. अल्फा 0.1 हा आकडा स्वतःहून काही सांगत नाही. तो किती गुळगुळीत करणार हे दोन वाचनांत किती वेळ गेला यावर ठरतं. GAME ला वाचन दर 20 मिलिसेकंदांनी येतं, तेव्हा 0.1 म्हणजे साधारण 0.9 हर्ट्झच्या वरचं सगळं दाबणं. UI ला 66 मिलिसेकंदांच्या आसपास येतं, तोच 0.1 आता 0.27 हर्ट्झपासूनच दाबायला लागतो.

आई हळू चालत असतील तर सेकंदाला दीड पाऊल धरू. त्यांचा धक्का गुरुत्वाकर्षण वजा करून 2 मी/से² आहे समजा. GAME ला फिल्टरमधून त्यातला निम्मा, म्हणजे 1 उरतो. तुमचा उंबरठा 0.8, पाऊल मोजलं जातं. UI ला पाचवा हिस्साही उरत नाही, जेमतेम 0.34. उंबरठा ओलांडलाच जात नाही. जी 31 आली ती बहुधा वळताना किंवा पायरी उतरताना जोरात पडलेली पावलं असतील. आलेख काढून बघा, पावलं सगळी दिसतील, फक्त बुटकी झालेली.

उपाय म्हणजे अल्फा ठोकून न बसवता प्रत्येक वाचनाच्या वेळेवरून काढायचा:

```kotlin
val dt = (e.timestamp - last) * 1e-9f
last = e.timestamp
val a = dt / (0.053f + dt)
y += a * (mag - y)
```

0.053 म्हणजे 3 हर्ट्झची मर्यादा. 50 हर्ट्झला अल्फा आपोआप 0.27 येईल. फोन मनाला येईल त्या वेगानं वाचनं देतो, मागितल्याप्रमाणेच देईल याची खात्री नसते, म्हणून हेच बरं.

रंकाळ्याची_फेरी
मावशी, साष्टांग. पण हे लावल्यावर 108 ची 149 झाली की!

एम्बेडेड_मावशी
होणारच. आधीचा फिल्टर इतका जड होता की टाचेचा धक्का आणि पुढच्या पंजाचा रेटा एकमेकांत विरघळत होते. आता दोन्ही वेगळे दिसतात. एक पाऊल धरल्यावर पुढचे काही मिलिसेकंद डोळे मिटायचे. लोक 300 लिहितात, पण आईंचं पाऊल 670 मिलिसेकंदांचं आहे, म्हणजे दुसरा उंचवटा 330 च्या आसपास येणार आणि 300 च्या जाळीतून निसटणार. 400 ठेवा. मग सेकंदाला अडीचच पावलं मोजता येतील. आई धावणार नसतील तर चालेल.

निवृत्त_ओव्हरसियर
आमच्या वेळी साइटवर अंतर पावलांनी मोजायचो. माझं पाऊल अडीच फूट, आजही टेप लावून बघा. आता चालायलाही मशीन लागतं. असो. प्रश्न असा की माझा फोन मी शर्टाच्या खिशात ठेवतो, मिसेस पर्समध्ये. एकाच फेरीत माझी पावलं तिच्यापेक्षा हजारानं जास्त कशी?

नाशिकची_मी
काका, पर्स झोके घेते ना. दोन पावलांना एक झोका. माझ्या बटव्यात फोन असला की निम्मीच पावलं येतात. आणि रिक्षात बसलं की फुकटची वाढतात, ते वेगळंच!

रंकाळ्याची_फेरी
रिक्षाचं सोडा, मी स्वतः बाईकवर अ‍ॅप तपासलं. बॅटरी वाचवायला 25 हर्ट्झ करून बघितलं होतं. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभा होतो, चाललो नाही, हललो नाही, आणि आकडा टिकटिक वाढतोय. खड्ड्यात वाढला असता तर समजलो असतो.

एम्बेडेड_मावशी
हा माझा आवडता किस्सा झाला. न्यूट्रलला इंजिन मिनिटाला 1400 फेरे मारतं धरा, म्हणजे सेकंदाला 23.3. तुम्ही सेकंदाला 25 वेळा बघताय. दोन्हींतला फरक 1.7, तो तुम्हाला खोट्या लहरीसारखा दिसतो. पंखा ट्यूबलाइटखाली उलटा फिरताना दिसतो ना, तसंच. आणि सेकंदाला 1.7 म्हणजे अस्सल माणसाची चाल! एकदा हे घडलं की पुढे कुठलाही फिल्टर त्याला ओळखू शकत नाही. 50 हर्ट्झला मात्र 23.3 खरं 23.3 म्हणूनच दिसतं आणि 3 हर्ट्झचा फिल्टर त्याचा साधारण सहावा हिस्साच पुढे सोडतो. काही चिपा आतच हे गाळतात, सगळ्या नाही. तेव्हा वेग कमी करून बॅटरी वाचवायचा नाद सोडा.

कोडकटिंग_सलून
मग बॅटरी वाचणार कशी? जायरोस्कोप घ्या सोबतीला, अचूकता वाढेल.

एम्बेडेड_मावशी
जायरो अ‍ॅक्सेलरोमीटरच्या कित्येक पट खातो. तो बॅटरी वाचवायला घेणं म्हणजे पेट्रोल वाचवायला ट्रक घेणं.

मुळात सेन्सर फार खातच नाही. तुम्ही वेक लॉक घेतला असणार, तो मुख्य प्रोसेसरला दिवसभर जागा ठेवतोय, ते खातंय. म्हणून GAME चं UI केल्यावर बॅटरी हलली नाही. आधी `TYPE_STEP_COUNTER` आहे का बघा. अँड्रॉइड 4.4 पासून आहे. मोजणी एका छोट्या कमी विजेच्या चिपमध्ये होते, प्रोसेसर झोपलेला चालतो. अँड्रॉइड 10 पासून `ACTIVITY_RECOGNITION` परवानगी मागावी लागते. आकडा फोन सुरू झाल्यापासूनचा असतो, त्यामुळे सकाळचा आकडा साठवून वजाबाकी करायची, आणि फोन बंद-चालू झाला तर तो शून्यावर येतो हेही सांभाळायचं. पावलं दहाएक सेकंद उशिरा दिसली तर बिघाड समजू नका.

नाशिकची_मी
माझ्या फोनमध्ये हेच वापरणारं अ‍ॅप रात्रीत आपोआप बंद पडायचं. कंपनीनं बॅटरी वाचवायच्या नावाखाली काहीतरी घातलंय. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपचं बॅटरीवरचं बंधन काढलं तेव्हा थांबलं.

रंकाळ्याची_फेरी
माझ्या फोनमध्ये स्टेप काउंटर आहे. आईच्या स्वस्तातल्या फोनमध्ये `getDefaultSensor` सरळ `null` देतोय. झालं.

एम्बेडेड_मावशी
मग अ‍ॅक्सेलरोमीटरचं `fifoMaxEventCount` छापून बघा. तिथे 3000 असेल तर 50 हर्ट्झला सेन्सर मिनिटभराची वाचनं स्वतःजवळ साठवू शकतो आणि प्रोसेसर मिनिटातून एकदाच उठेल. `registerListener` ला चौथा आकडा `maxReportLatencyUs` द्यायचा. सेन्सर मात्र वेक-अप प्रकारचा मागा, `getDefaultSensor(type, true)`. नाहीतर प्रोसेसर झोपेत असताना जुन्या वाचनांवर नवी लिहिली जातात आणि पावलं गुपचूप हरवतात.

रंकाळ्याची_फेरी
छापलं. 0.

सह्याद्रीभटका
म्हणून म्हटलं बँड घ्या.

एम्बेडेड_मावशी
शून्य म्हणजे साठवायला जागाच नाही. मग शेवटचं हत्यार `TYPE_SIGNIFICANT_MOTION`. असेल तर माणूस हलायला लागल्यावर तो प्रोसेसरला उठवतो, तेवढ्यापुरता वेक लॉक घ्या. एकदाच वाजतो, परत लावावा लागतो. सुरुवातीची काही पावलं जातील, आणि रिक्षात बसल्यावरही उठवेल. बटण वगैरे ठेवू नका हां, वयस्कर माणसं दाबायला विसरतात. माझा अनुभव आहे.

निवृत्त_ओव्हरसियर
वयस्कर माणसं काही विसरत नाहीत. तुमची बटणंच नखाएवढी असतात.

रंकाळ्याची_फेरी
चार दिवसांनी सांगतोय. बटणच ठेवलं. मावशी, रागावू नका. आईला विचारलं तर म्हणाली, "मी बूट घातल्यावरच चालते, घरात चाललेलं कशाला मोजतोस?" म्हणून अर्ध्या स्क्रीनएवढं बटण, बुटाची नाडी बांधून झाली की दाबायचं. चालू असेपर्यंत 50 हर्ट्झ, वरची सूचना आणि वेक लॉक. पाच मिनिटं पाऊल पडलं नाही की स्वतःच बंद. सलग आठ पावलं पडल्याशिवाय मोजणी सुरू करत नाही, मग ती आठ धरतो. जपमाळेच्या 108 ला तीन वेळा 106, 109, 107. काल रात्री नऊला फोन 54 टक्के होता.

एक अडकलंय. रंकाळ्यावर बाकावर मैत्रिणी भेटल्या की गप्पा अर्धा तास चालतात, अ‍ॅप बंद होतं आणि परतीची फेरी मोजलीच जात नाही. काल यावरून बोलणी खाल्ली.

एम्बेडेड_मावशी
सांगितलं होतं. तिथेच सिग्निफिकंट मोशन लावा, बंद झाल्यावर परत उठवायला. आधी फोनमध्ये आहे का ते बघा.

सह्याद्रीभटका
बँडमध्ये हा प्रॉब्लेम येत नाही.