ऑफर हातात आल्यावर हायब्रिड किंवा रिमोट मागताना काय लिहिलंत? (अनुभव धागा)

तिरकी_रेघ (धागाकर्ती)

पगार जुळतो, पद जुळतं आणि मग ऑफर लेटरमधल्या 'कामाचं ठिकाण' या ओळीवर गाडी अडते. मुलाखतीत कुणीतरी 'आमच्याकडे तसं फ्लेक्झिबल आहे' म्हणालेलं असतं आणि पत्रात मात्र पाचही दिवस ऑफिस. अशा वेळी सही करण्याआधी तुम्ही कुणाला लिहिलंत, शब्द काय होते आणि पुढे काय झालं, ते इथे सांगा. 'विचारून बघा, होऊन जातं' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, म्हणून शक्य तर मजकूरच द्या. कंपनीचं नाव नको.

माझ्यापासून सुरुवात करते. पत्र मंगळवारी आलं, उत्तराची मुदत शुक्रवार संध्याकाळ. टीमच्या एकत्र बैठका मंगळवार ते गुरुवार असतात, हे होणाऱ्या मॅनेजरनंच मुलाखतीत सांगितलं होतं. ते मी लक्षात ठेवलं होतं. आधी रिक्रूटरला फोन करून एवढंच विचारलं, की हा निर्णय कुणाच्या हातात असतो. ती म्हणाली, "निर्णय मॅनेजरचा, पण मेल मला करा, म्हणजे नोंद राहील." मग हा मेल गेला:

"नमस्कार,
ऑफरबद्दल मनापासून आभार. काम आणि टीम दोन्ही आवडले असून रुजू व्हायची माझी इच्छा आहे. सही करण्याआधी एक विनंती आहे. पत्रात पाचही दिवस ऑफिसमधून काम असे लिहिले आहे. त्याऐवजी मंगळवार, बुधवार, गुरुवार ऑफिसमधून आणि सोमवार, शुक्रवार घरून अशी व्यवस्था होऊ शकेल का? टीमच्या बैठका याच तीन दिवसांत असतात, असे मुलाखतीत समजले होते. काम समजून घेण्यासाठी सुरुवातीचे काही आठवडे रोज यायची माझी तयारी आहे. बोलायचे असल्यास उद्या दुपारनंतर केव्हाही फोन चालेल."

उत्तर गुरुवारी आलं: तीन दिवसांची व्यवस्था चालेल, पण प्रोबेशनचे तीन महिने पूर्ण ऑफिस आणि 'त्यानंतर आढावा घेऊ'. हा 'आढावा' मला खटकला. कशाचा आढावा, कोण घेणार? म्हणून परत दोन ओळी टाकल्या: "तीन महिन्यांची अट मान्य आहे. त्यानंतर ही व्यवस्था आपोआप सुरू होईल की वेगळी परवानगी लागेल? आपोआप असेल तर पत्रात तशी एक ओळ घालता येईल का?" शुक्रवारी दुपारी सुधारलेलं पत्र आलं. ओळ घातली होती, पण शेपूट जोडून: 'कामाच्या गरजेनुसार यात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील.' ते काढायला त्यांनी साफ नकार दिला. मी सही केली.

अर्धविराम

एवढं मेल-मेल खेळायचं कशाला? दुसरी ऑफर हातात आहे म्हणून सांगायचं, दोन तासांत हो म्हणतात. माझं तसंच झालं. आणि एकदा लेटर दिलं की कंपनीला ते मागे घेता येत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

तिरकी_रेघ

दुसरी ऑफर खरंच होती का?

अर्धविराम

होती. पण नसती तरी सांगितलं असतं :)

जुनी_एचआर

भरतीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून टेबलाच्या या बाजूनं लिहिते.

अर्धविराम, दुसरी ऑफर खरी असेल तर तिचा उपयोग होतो, हे बरोबर. पण 'पत्र दाखवा' असं म्हणणारे असतात आणि तिथे थाप उघडी पडते. लेटर मागे घेता येत नाही, हे मात्र खरं नाही. तुम्ही स्वीकारलं नाही तोवर बहुतेक ठिकाणी ते मागे घेता येतं. स्वीकारल्यानंतर काय, ते तिथल्या कायद्यावर आणि पत्रातल्या अटींवर ठरतं. सभ्य शब्दांत एकदा विचारलं म्हणून ऑफर गेली, असं क्वचित होतं. गेलेली जी पाहिली, त्यात जाहिरातीत पहिल्यापासून 'ऑफिसमधून काम' लिहिलेलं होतं आणि उमेदवार ऐन वेळी 'पूर्ण रिमोट, नाहीतर येत नाही' यावर अडून बसला होता.

आता मेल आत आल्यावर त्याचं काय होतं, ते सांगते. रिक्रूटर तो बहुधा जसाच्या तसा मॅनेजरला पुढे ढकलते. मॅनेजर दोन मीटिंगांच्या मधे मोबाइलवर वाचतो. त्यात 'थोडी लवचिकता मिळाली तर बरं होईल' असं गुळमुळीत लिहिलं असेल, तर उत्तर येतं, 'हो हो, आमच्याकडे लवचिकता आहेच.' ती निघते सकाळी अर्धा तास उशिरा यायची. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. कुठले दिवस, कधीपासून, हे लिहिलं की त्याला हो किंवा नाही एवढंच म्हणायचं उरतं. तिरकी_रेघच्या मेलमधला बैठकांचा उल्लेख मला फार आवडला, कारण मॅनेजरच्या मनात येणारा पहिलाच प्रश्न 'मग मीटिंगांचं काय' हा असतो.

आणखी एक. हायब्रिड आणि रिमोट या दोन मागण्या आत वेगवेगळ्या वाटांनी जातात. आठवड्यातले दोन दिवस घरून, हे पुष्कळदा मॅनेजरच्याच पातळीवर सुटतं. दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या देशातून कायमचं काम म्हटलं, की पगार विभाग येतो, कर येतो, डेटाची सुरक्षा येते, शिवाय क्लायंटच्या करारात 'काम आमच्या जागेतूनच' अशी अट असू शकते. मॅनेजरची कितीही इच्छा असली तरी तिथे त्याचं चालत नाही. अशी मागणी असेल तर त्याच मेलमध्ये उत्तराची मुदत वाढवून मागा, नाहीतर आतला निर्णय होण्याआधी तुमची सहीची तारीख उलटून जाते.

पोटमाळा

मलाही हाच त्रास आहे. दोन वर्षं घरून काम केलं, आता साहेब म्हणतात पुढच्या महिन्यापासून रोज या. त्यांना हाच मेल पाठवू का?

तिरकी_रेघ

पोटमाळा, तुमचं प्रकरण वेगळं आहे हो. इथे अजून रुजू न झालेल्यांचं चाललंय. तुमच्याकडे दोन वर्षांचं काम दाखवायला आहे, तुमचा मेल त्यावर उभा राहील.

पोटमाळा

बरं. पण 'आभार' आणि 'विनंती' हे शब्द ठेवतो.

हिरवा_दिवा

माझ्या बाबतीत होकार मिळाला होता, तोही तोंडी. ऑफर आल्यावर मॅनेजरशी फोन झाला. ते म्हणाले, "आठवड्यातून एकदा या, बाकी घरून करा, माझी काही हरकत नाही." मी फोननंतर लगेच रिक्रूटरला मेल टाकला: "आज झालेल्या बोलण्यानुसार आठवड्यातून एक दिवस ऑफिस आणि उरलेले दिवस घरून असे ठरले आहे. माझ्या समजण्यात काही फरक असल्यास कृपया कळवावे." त्यावर 'ठीक आहे, नोंद घेतली' एवढं उत्तर आलं. पत्र मात्र जुनंच राहिलं.

माझा नोटीस पीरियड संपेपर्यंत तो मॅनेजरच सोडून गेला. नवीन बाईंनी पहिल्याच दिवशी पत्र पुढे ठेवलं. त्यात शेवटी एक कलम होतं, की या पत्राआधी झालेलं सगळं बोलणं आणि पत्रव्यवहार रद्द समजावा. मी तो मेल दाखवला. त्यांनी सहा महिन्यांची सवलत दिली आणि मग सगळ्यांसारखे नियम. त्या माझ्याशी वाईट वागल्या असं म्हणणार नाही, पण ज्या व्यवस्थेवर विसंबून मी जुनी नोकरी सोडली, ती सहा महिन्यांतच संपली.

जुनी_एचआर

ते कलम पुष्कळ पत्रांत असतं आणि कुणी वाचत नाही. ते दिसलं, की व्यवस्था पत्रातच आली पाहिजे किंवा पत्रासोबत वेगळं पुरवणीपत्र घ्यायला हवं. तुमच्या मेलनं सहा महिने तरी मिळवून दिले, नुसत्या फोनवर तेही मिळाले नसते.

खिडकीजवळचा

कारण लिहावं की नाही, यावर कुणी बोललं नाही. मी लिहिलं नाही. घरचं काही सांगितलं की समोरचा कामाऐवजी माझ्या अडचणीचा हिशोब मांडतो, 'मग हा कामात लक्ष देईल का' वगैरे. मी फक्त लिहिलं, की माझ्या कामातला मोठा भाग सलग एकाग्रतेनं लिहिण्याचा आहे, त्यासाठी दोन दिवस घरून हवेत. मिळाले.

सांजवात

माझा अनुभव नेमका उलटा. आईचं डायलिसिस सोमवार आणि गुरुवारी असतं, ते सरळ लिहिलं. कारण दिल्यामुळेच तेच दोन वार मिळाले. कारण दिलं नसतं तर 'कुठलेही दोन दिवस घ्या, टीम ठरवेल तसे' असं झालं असतं आणि ते मला निरुपयोगी होतं. पण एकाच वाक्यात लिहिलं. आजाराचा इतिहास सांगत बसले नाही.

खिडकीजवळचा

ठरावीक वार हवे असतील तर पटतं. एरवी माझं मत कायम.

नवखा_२

माझं पत्र काल आलंय. जाहिरातीत 'ऑफिसमधून' लिहिलं होतं, पण मुलाखतीत दोघे जण घरून बसलेले दिसले. मसुदा असा आहे, बघा जरा:

"ऑफर मिळाली, धन्यवाद. माझे घर ऑफिसपासून लांब असल्याने मला रिमोट देण्यात यावे ही विनंती. अन्यथा मला विचार करावा लागेल. तसेच पगारातही थोडी वाढ व्हावी."

जुनी_एचआर

'अन्यथा' खरंच म्हणायचंय का? नकार आला तर ऑफर सोडणार आहात?

नवखा_२

नाही, नोकरी हवीच आहे.

जुनी_एचआर

मग ते वाक्य काढा. पगाराचं आणि घरून कामाचं एकाच मेलमध्ये आलं तर चालेल, दोनदा वेगवेगळं मागण्यापेक्षा बरंच. पण तुम्हाला जास्त काय हवंय ते आधी लिहा. समोरचा दोन्हींतलं स्वस्त तेवढंच देतो. घर लांब आहे हे अर्ज करतानाही माहीत होतं, म्हणून ते कारण लंगडं पडतं. आणि जाहिरात ऑफिसची असताना पूर्ण रिमोट मागू नका, दिवस सांगा. राजीनामा दिलाय का जुन्या ठिकाणी?

नवखा_२

उद्या देणार होतो.

हिरवा_दिवा

लेखी उत्तर येईपर्यंत थांब रे बाबा.

नवखा_२

थांबलो. पगाराचं काढून टाकलं. नवीन मसुदा: "ऑफरबद्दल आभार, रुजू व्हायची इच्छा आहे. पहिले दोन महिने रोज ऑफिसला येऊन त्यानंतर बुधवार आणि शुक्रवार घरून काम करता येईल का? शक्य असल्यास पत्रात तसा उल्लेख व्हावा." पाठवतो.

अर्धविराम

'शक्य असल्यास' काढ, फार नमतं वाटतं.

तिरकी_रेघ

राहू दे, काही बिघडत नाही.

नवखा_२

उत्तर आलं. फक्त शुक्रवार देतो म्हणतात, तोही पत्रात घालणार नाहीत, 'टीमच्या पद्धतीनुसार' म्हणतात. सहीची मुदत सोमवार. टीमची पद्धत काय आहे हे मॅनेजरला थेट विचारू, की रिक्रूटरमार्फत?

खिडकीजवळचा

थेट मॅनेजरला. टीम त्याची आहे.

जुनी_एचआर

रिक्रूटरला सांगून मग मॅनेजरला. तिला डावललं तर पुढची कागदपत्रं तिच्याकडेच अडकतात.