मॉड केलेला स्विच ओलेड 27,500 रुपयांत: सौदा की फसवणूक?

मुसाफिर_गेमर (धागाकर्ता):
निन्टेन्डोचा स्विच ओलेड, 512 जीबी कार्ड, 70 गेम आधीच टाकलेले, दुकानाची सहा महिने वॉरंटी, सगळं मिळून 27,500. एकेका गेमला चार-पाच हजार मोजणाऱ्यांची कीव येते. निन्टेन्डोचा ऑनलाइन बॅन वगैरे हावरटपणा करणाऱ्यांनाच होतो, आणि ‘हे सॉफ्टवेअरनेच होतं, मशीन उघडलेलं नाही’ असं दुकानदार स्वतः म्हणाला. कोणी सांगेल का, यात वाईट काय आहे?

खडूस_कारकून:
दुकानदार खोटं बोलला. सॉफ्टवेअरनेच कुलूप तोडू देणारी ती प्रसिद्ध चूक 2018 मध्ये जाहीर झाली. ती पहिल्या स्विचच्या प्रोसेसरच्या बूटरॉममध्ये होती आणि त्याच वर्षी नव्या मशीनमध्ये बंद झाली. ओलेड आला 2021 मध्ये. त्यात चिप बसवल्याशिवाय काही होत नाही, म्हणजे ते उघडलेलं आहेच.

आता काय उघडलंय ते ऐका. प्रोसेसरशेजारच्या बारक्या कपॅसिटरवर सोल्डर करावं लागतं आणि चिप बूटच्या क्षणी व्होल्टेज पाडते. ओलेडवर त्याहून कठीण म्हणजे डॅट-झिरो या स्टोरेजच्या डेटा लाइनचा पॉइंट. तो स्टोरेजच्या चिपखाली असतो. मग कोणी खालून पातळ पट्टी सरकवतो, कोणी चिप काढून पुन्हा बसवतो, कोणी बोर्डालाच भोक पाडतो. सरकवलेली पट्टी धक्क्याने किंवा गरम-गार होऊन हलते. चिप पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि सुरू व्हायला लागणारा वेळ वाढत जातो. पुढे एक दिवस काळा पडदा. त्यामुळे पैसे देण्याआधी दुकानात मशीन पूर्ण बंद करून पाच-सहा वेळा सुरू करून बघा. दर वेळी वेगळा वेळ लागला तर घेऊ नका.

कंपनीची वॉरंटी म्हणाल तर निन्टेन्डो आपल्याकडे अधिकृतपणे स्विच विकतच नाही, त्यामुळे ती नव्हतीच. उरतो तो दुकानाचा कागद. त्यावर चिप आणि बॅन लिहिलेलं आहे का, तेवढं वाचा.

पायरेट_पांडू:
झालं, पुस्तक सुरू! चांगल्या माणसाने बसवलेली चिप वर्षानुवर्षं चालते. आणि बॅनचं भूत कशाला दाखवताय? गेम इमुनँडमध्ये, म्हणजे कार्डावरच्या सिस्टीमच्या नकलेत असतात, मूळ सिस्टीम स्वच्छ राहते. एक फाइल टाकली की विषय संपला:

```
[exosphere]
blank_prodinfo_sysmmc=0
blank_prodinfo_emummc=1
```

खडूस_कारकून:
फाइल बरोबर आहे. तिने इमुनँडकडून मशीनचं सर्टिफिकेट सर्व्हरला दिसत नाही. पण ‘मूळ सिस्टीम स्वच्छ राहते’ हे दुकानदाराने इमुनँड केला असेल तरच. घाईत काम उरकणारे गेम थेट मूळ सिस्टीममध्ये टाकतात.

ओळखायचं असं. सिस्टीम सेटिंग्जमध्ये आवृत्तीच्या ओळीत `AMS`, म्हणजे अ‍ॅटमॉस्फिअर हे मॉडचं सॉफ्टवेअर, दिसेल. शेवटी `|E` असेल तर इमुनँड, `|S` असेल तर मूळ सिस्टीम. मग मशीन बंद करून कार्ड बाहेर काढा आणि सुरू करा. पिकोफ्लाय चिप असेल तर कार्ड नाही असा संदेश येतो (आणि ‘उघडलेलं नाही’ तिथेच संपतं). आता दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबून ठेवून सुरू केलं की चिप बाजूला राहून मूळ सिस्टीम येते. तिथे सत्तरातल्या गेमची चित्रं दिसली, तर मशीन आज ना उद्या बॅन होणार.

वायफाय लावून ई-शॉप उघडा. 2124-4007 हा एरर आला तर आधीच बॅन झालंय. पण तो न येणं म्हणजे हमी नाही. बॅन दर वेळी लगेच लागत नाही, काही वेळा काही दिवसांनी लागतो. तो मशीनच्या सर्टिफिकेटवर असतो, त्यामुळे खातं बदलून किंवा फॅक्टरी रीसेट करून जात नाही. ऑफलाइन गेम चालत राहतात, एवढंच.

बंड्या_पीएस४:
माझ्या पीएस४ वर 9.00 आवृत्ती आहे, दुकानदारानेच जेलब्रेक करून दिलंय. रोज सुरू केल्यावर पुन्हा करावं लागतं. अपडेट करू का? पीएसएन चालत नाहीये.

पायरेट_पांडू:
@बंड्या, धागा स्विचचा आहे! अपडेट केलंस तर जेलब्रेक जाईल आणि गेमवर कुलूप दिसेल. पीएसएनला नवीनच आवृत्ती लागते, म्हणून दोन्ही एकत्र मिळणार नाहीत. ऑटो अपडेट बंद कर आणि झोप.

स्वाती_वकील:
कायद्याचं कोणी बोलत नाही म्हणून सांगते. कॉपीराइट कायदा 1957. कलम 65अ 2012 मध्ये आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. चिप बसवून गेमसह विकणारा यात आणि हक्कभंगाच्या कलम 63 मध्येही येतो. पण खरेदीदारानेही कलम 63ब वाचावं. बेकायदेशीर प्रत जाणूनबुजून वापरणंही गुन्हा आहे. किमान सात दिवस कैद, वर दंड पन्नास हजार ते दोन लाख. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल, तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतं.

पायरेट_पांडू:
आणि बॅकअप? आपल्या गेमची प्रत ठेवायला कायद्यात परवानगी आहे ना?

स्वाती_वकील:
आहे, 52(1)(अअ). पण ती कायदेशीर ताबा असलेल्याला. ज्या सत्तर गेमची एकही कार्ट्रिज तुमच्याकडे नाही, त्यांचा बॅकअप कसला? बाकी घरी खेळणाऱ्याच्या दारात पोलीस येतील असं मी म्हणत नाही. ग्राहक आयोगात भांडायला जाल तेव्हा मात्र ‘सत्तर बेकायदेशीर गेम चालत नाहीत’ अशी तक्रार लिहून बघा.

कार्डाने_गंडलेला:
तुम्ही सगळे चिप-चिप करताय, खरी चोरी कार्डात असते! 512 जीबी म्हणजे मशीनवर साधारण 476. ओलेडचा पूर्ण इमुनँड त्यातले 58 खातो. उरले 418. भागिले 70 म्हणजे गेमला सहा जीबी. मोठा एकच गेम सोळा जीबीचा असतो! म्हणजे यादीत निम्मे फुटकळ मोबाइलवरचे गेम असणार, नाहीतर कार्ड खोटं.

खोटं कार्ड कळतं कसं? काही दिवस सगळं छान चालतं. खरी जागा भरली की पुढचं लिखाण वाया जातं आणि गेम खराब आहे असं सांगतो. लोक चिपला शिव्या देतात. कार्डाची खरी जागा तपासणारं H2testw चालवा.

खडूस_कारकून:
H2testw मोकळ्या जागेवरच लिहितं. गेमसकट चालवलंत तर भरलेला भाग तपासलाच जाणार नाही. आधी इमुनँडचा बॅकअप हेकाटे या बूटलोडरमधून काढा, वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तो विंडोजला दिसत नाही, आणि मग सगळ्या फाइल्स संगणकावर घ्या. मग कार्ड फॉरमॅट करून पूर्ण चाचणी करा. 512 ला चांगल्या रीडरवरही चारेक तास जातात. आणि पुन्हा भरताना फॅट-32 वापरा. एक्सफॅटवर एखादं होमब्रू मध्येच बंद पडलं की फाइल्स गोंधळतात.

कार्डाने_गंडलेला:
चार तास! दुकानदार तोवर चहा पाजणार का?

पायरेट_पांडू:
बरं बाबांनो, सगळे साक्षात चाणक्य आहात. कार्ड स्वतः घ्यावं, हे मान्य. पण भारतात कंपनी विकत नाही, इथे दर असे, मग लोकांनी करायचं काय?

मुसाफिर_गेमर:
दुकानदाराला विचारलं. कार्ड काढून सुरू करून दाखवायला तयार नाही, म्हणतो ‘सील तुटेल’.

खडूस_कारकून:
कार्डाला सील नसतं, ते मागच्या स्टँडखाली असतं, नखाने निघतं. आणखी एक मागा: मूळ स्टोरेजचा बॅकअप, बूट फाइल्ससकट, आणि त्याच मशीनच्या किल्ल्यांची फाइल `prod.keys`. ओलेडचा साधारण 58 जीबी असेल. मशीन बिघडलं तर दुसऱ्याचा बॅकअप चालत नाही, कारण ज्या किल्ल्यांनी तो बंद असतो त्या प्रत्येक मशीनच्या वेगळ्या. बसवणाऱ्याने काढलाच नसेल, तर तो आत्ता समोर काढायला सांगा. हेकाटेतून अर्धा-एक तास लागेल, आणि कार्डावर तेवढी जागा नसेल तर रिकामं कार्ड बरोबर न्या.