मदत हवी आहे: खाणबंदीची खूण रेषालेखावर कशी दाखवावी?

गोव्याच्या लोहखनिज निर्यातीचा मासिक रेषालेख करतोय. त्यावर सप्टेंबर 2012 आणि मार्च 2018 अशा दोन्ही खाणबंदी दाखवायच्या आहेत. बारीक करड्या उभ्या रेषा आणि माथ्यावर दोन शब्दांचं लेबल, एवढ्याने 2018 चं काम छान झालं.

अडलंय ते 2012 पाशी. पावसाळ्यात निर्यात दरवर्षीच खाली येते, त्यामुळे खुणेच्या आधीच आलेख कोसळलेला दिसतो आणि बंदीचा परिणाम कळतच नाही. बारा महिन्यांची सरासरी घेतली तर घसरण वर्षभर पसरते, बंदीची धारच जाते. दर पावसाळ्याला फिकट पट्टा दिला तर चित्र पट्ट्यांनीच भरतं.

फक्त 2012-13 मागे आदल्या हंगामाची तुटक रेषा ठेवली तर वाचणाऱ्याला फरक कळेल का? की दोन हंगामांचा छोटा आलेख वेगळाच काढावा?