स्मरणपत्रात संदर्भाची ओळ
> पाणीपट्टीवरचं नाव बदलायचा अर्ज देऊन दोन महिने झाले, उत्तर नाही. स्मरणपत्र कडक न वाटता कसं लिहू?

आधी अर्जाची पोच शोधा. तिच्यावरच्या शिक्क्यात आवक क्रमांक आणि तारीख असते. मी सोलापुरातल्या एका कार्यालयात दोन पानी कैफियत नेली होती, बाईंनी न वाचताच विचारलं, "आवक नंबर कुठाय ओ?"

'प्रति'खाली अधिकाऱ्याचं पदनाम लिहा, मग:

विषय :- पाणीपट्टी देयकावरील नावात बदल करणेबाबत (स्मरणपत्र)
संदर्भ :- माझा अर्ज दि. …, आवक क्र. …

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून, संदर्भीय अर्जावरील कार्यवाहीबाबत मला अद्याप कळविण्यात आलेले नाही. तरी योग्य ती कार्यवाही करून लेखी कळवावे, ही विनंती.

'आपण कळवले नाही' म्हटलं की बोट दाखवल्यासारखं होतं; 'कळविण्यात आलेले नाही'मध्ये तक्रार तीच, पण कुणाच्या अंगावर जात नाही. इथला 'तरी' म्हणजे 'म्हणून', बोलण्यातला 'तरीपण' नव्हे. 'विनम्र', 'कृपाळू' वगैरे नकोच, एक 'विनंती' पुरते.

शेवटी 'आपला विश्वासू', सही, पत्ता. डावीकडे 'सोबत :- मूळ अर्जाची पोच'. ती झेरॉक्सच जोडा, मूळ पोच देऊ नका. आणि या पत्राचीही पोच घ्या.