मदत हवी आहे: फॉक्सप्रोची ११ वर्षं नव्या टीमपुढे मांडायची कशी?

इतवारीकर

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. इतवारीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत २०१४ पासून आहे. आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी आहे: ठेवी, कर्ज, पिग्मी, मार्चएंडचे ताळेबंद. सगळं व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ मध्ये. मी लागलो आणि काही महिन्यांतच, जानेवारी २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट बंद केला. ज्या सरांनी ते लिहिलं होतं तेही सोडून गेले. तेव्हापासून १४ संस्थांचं काम मी आणि एक सहकारी बघतो.

आता मला बॅकएंडच्या कामात जायचं आहे. दीड वर्ष रात्री बसून पायथन आणि पोस्टग्रेस शिकलो. परसोडीचा आयटी पार्क, मिहान, पुणे, सगळीकडे अर्ज केले. तीसेक अर्जांतून दोनच फोन आले. त्यातल्या एका मुलाखतीत ऐकावं लागलं, "म्हणजे तुम्ही फक्त मेंटेनन्सच केलंत." मला त्यावर उत्तर सुचलं नाही, आणि ते अजून मनात सलतंय.

माझ्या रेझ्युमेत सध्या असं आहे:

"पतसंस्था सॉफ्टवेअरची देखभाल (व्हिज्युअल फॉक्सप्रो). बग दुरुस्ती. ग्राहकांच्या मागणीनुसार नवीन रिपोर्ट. इंडेक्स दुरुस्ती व बॅकअप."

यात खोटं काहीच नाही. पण ११ वर्षांत जे केलं ते यात दिसतही नाही. काय बदलू?

टेकी_भाऊ

भाऊ, सरळ सांगतो. फॉक्सप्रो हा शब्दच काढून टाक. एचआरवाले पहिल्या पाच ओळी पाहतात, त्यात पायथन, पोस्टग्रेस, एपीआय दिसलं पाहिजे. "डिस्ट्रिब्युटेड फायनान्शियल प्लॅटफॉर्म" असं लिही, १४ ठिकाणी चालून राहिलं आहे म्हणजे डिस्ट्रिब्युटेडच झालं ना. माझ्या मित्राने असंच केलं, महिन्याभरात कॉल आला त्याला.

मैत्रेयी_बॅकएंड

टेकी_भाऊ, पहिला मुद्दा बरोबर आहे. चाळणी लावणारा माणूस तंत्रज्ञ नसतो, त्यामुळे पायथन आणि पोस्टग्रेस वरच हवं. पण "डिस्ट्रिब्युटेड" लिहिलंत तर माझा पहिला प्रश्न असेल: दोन ठिकाणांचा डेटा एकमेकांशी कसा जुळवत होतात? १४ संस्थांत १४ वेगळे सर्व्हर असतील तर जुळवायला काहीच नाही, आणि मुलाखत तिथेच संपते.

मी पेमेंटच्या एका टीममध्ये आहे, महिन्याला चार-पाच मुलाखती घेते. इतवारीकर, तुमच्या चार ओळींत कामांची नावं आहेत, पण एकही प्रसंग नाही. "बग दुरुस्ती" वाचून मला कळत नाही की रिपोर्टचा मथळा सरकवलात की लोकांचे पैसे चुकण्यापासून वाचवलेत. एक प्रसंग सांगा: आकडा चुकत होता, कारण कोणालाच कळत नव्हतं, आणि तुम्ही ते शोधलंत. रेझ्युमेच्या भाषेत नको, शेजारी बसलेल्या माणसाला सांगाल तसं सांगा.

खजिनदार_काका

आमच्या संस्थेतही फॉक्सप्रोच आहे. नवीन कॉम्प्युटर घेतोय, विंडोज ११ वर चालेल का? की सॉफ्टवेअरच बदलावं?

इतवारीकर

काका, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ असेल तर चालतं, आमच्या दोन संस्थांत चालू आहे. पण जुनं डॉसचं २.६ असेल तर ते ६४ बिट विंडोजवर थेट उघडणार नाही. सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल वेगळा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहितो.

मैत्रेयीताई, एक प्रसंग आहे. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेला मुदत ठेवींच्या व्याजाचा रिपोर्ट नव्या पद्धतीने हवा होता. मी पायथनमध्ये डीबीएफ फाइल वाचून तो बनवला. देण्याआधी जुन्या प्रोग्रॅमचं आणि माझं तिमाही व्याज खातेवार शेजारी ठेवून पाहिलं. सुमारे ४,१०० खात्यांपैकी ३७ खात्यांत एक रुपयाचा फरक निघाला.

व्यवस्थापक म्हणाले, एक रुपयाच तर आहे, सोडून द्या. मला झोप लागेना, कारण त्या ३७ पैकी प्रत्येक ठिकाणी माझाच आकडा कमी होता. फरक नुसता पैशांच्या कुठल्यातरी हिशोबातून आला असता तर कधी जास्त, कधी कमी निघाला असता.

मग ते ३७ आकडे कागदावर काढले. प्रत्येकाचं व्याज गोल करण्याआधी बरोबर ५० पैशांवर संपत होतं, आणि त्यातले रुपये सम होते. ५०,०२० रुपयांवर दसादशे १० टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज १,२५०.५० होतं. तिथे फरक पडत होता. १,२५१.५० असेल तिथे दोन्ही प्रोग्रॅम १,२५२ च म्हणत होते.

फॉक्सप्रो:

```
? ROUND(1250.5, 0)    && 1251
```

पायथन:

```python
round(1250.5)   # 1250
round(1251.5)   # 1252
```

अर्धा आला की फॉक्सप्रो वर जातो, पायथनचा `round` जवळच्या सम संख्येकडे जातो. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. पण संस्थेच्या खतावणीत इतकी वर्षं पहिला नियम लागलेला होता, ठेवीदारांच्या पासबुकात तेच आकडे छापलेले होते. म्हणून मी बदललं:

```python
from decimal import Decimal, ROUND_HALF_UP
Decimal("1250.50").quantize(Decimal("1"), rounding=ROUND_HALF_UP)
```

मग मागच्या आठ तिमाह्या पुन्हा चालवल्या. सगळी खाती जुळली, तेव्हाच रिपोर्ट दिला. हे रेझ्युमेत घालण्यासारखं आहे का? मला ते नेहमीचंच काम वाटलं.

मैत्रेयी_बॅकएंड

हेच घाला. जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत जाताना आमच्या टीममध्ये सगळ्यात जास्त दिवस नेमके यात जातात. जुना प्रोग्रॅम काय करतो हे कुठे लिहिलेलं नसतं, त्याचं वागणं हाच नियम असतो. तो नियम बाहेर काढायचा, दोन्ही प्रणाली त्याच डेटावर चालवायच्या, फरक काढायचा आणि फरकाचं कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. तुम्ही हे कोणी न सांगता केलंत, आणि "एकच रुपया" म्हटल्यावर थांबला नाहीत. मला मुलाखतीत नेमकं हे बघायचं असतं.

मी असं लिहीन:

"मुदत ठेव व्याजगणना फॉक्सप्रोतून पायथनमध्ये आणली. सुमारे ४,१०० खात्यांवर जुन्या-नव्या निकालांची खातेवार तुलना केली, ३७ खात्यांतील एक रुपयाच्या फरकाचं कारण (राउंडिंगचा वेगळा नियम) शोधून दुरुस्त केलं, ८ तिमाह्यांच्या डेटावर पूर्ण जुळणी सिद्ध केली."

यात फॉक्सप्रो आहे आणि ते लपवायची गरज नाही. त्या शब्दाशिवाय काम किती अवघड होतं हे कळणारच नाही.

एक तयारी करून जा. चांगला मुलाखतकार विचारेल, "हीच गणना पोस्टग्रेसमध्ये केली असती तर?" तिथे `numeric` वर `round` अर्ध्याला शून्यापासून दूर नेतो, म्हणजे तुमच्या संस्थेसारखा. `double precision` वर तो बहुतेक यंत्रांवर सम संख्येकडे जातो. म्हणजे कॉलमचा प्रकार चुकला तर तोच एक रुपया परत येईल. हे स्वतः चालवून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

जुनीमशीन

मी माझं सांगते. मुंबईत एका बँकेच्या कोबोलवर नऊ वर्षं होते, बदली मिळाली म्हणून नागपूरला आले, आता डेटा टीममध्ये आहे. तुमच्याकडे मोठी बँक नाही हा फरक आहेच, पण मला एका गोष्टीने हात दिला. रात्रीचा बॅच अर्ध्यात पडला तर कुठून पुन्हा सुरू करायचा, हे मला ठाऊक होतं. तुमच्याकडेही तसं काही असणार. पिग्मीची फाइल दोनदा लोड झाली तर काय होतं?

इतवारीकर

ताई, ते झालं आहे! संध्याकाळी एजंट मशीन आणतात, लोड करताना लाइट जाते, क्लार्क तीच फाइल पुन्हा लोड करतो आणि खात्यात दुप्पट जमा. आधीच्या सरांनी `UNIQUE` इंडेक्स लावला होता, पण फॉक्सप्रोत तो दुहेरी नोंद अडवत नाही, फक्त यादीत पहिलीच दाखवतो. म्हणून चूक दिसतच नव्हती आणि शिल्लक मात्र वाढत होती. मी एजंट क्रमांक, तारीख आणि पावती क्रमांक मिळून `CANDIDATE` इंडेक्स केला. तो दुसरी नोंद घेतच नाही.

मैत्रेयी_बॅकएंड

ही दुसरी ओळ झाली. आमच्याकडे हाच प्रश्न रोज येतो, एकच पेमेंट दोनदा आलं तर काय करायचं. मुलाखतीत हा प्रसंग सांगून थांबा, उरलेलं तेच विचारतील.

आता उणी बाजू. कोड रिव्ह्यू, स्वयंचलित टेस्ट, गिट यातलं तुमच्याकडे काय आहे?

इतवारीकर

प्रामाणिकपणे सांगतो, गिट मी फक्त घरी वापरलं आहे. कंपनीत तारीख घातलेले फोल्डर असतात. फॉर्मची `.scx` फाइल बायनरी असते, गिटमध्ये टाकली तरी काय बदललं ते दिसत नाही. FoxBin2Prg वापरून मजकुरात काढता येते असं कळलं, करून पाहीन.

मैत्रेयी_बॅकएंड

मग ते असंच सांगा, ताणून सांगू नका. आणि त्या राउंडिंगच्या तुलनेचा एक छोटा रेपो बनवा. खाती काल्पनिक घ्या, संस्थेचा एकही आकडा किंवा कंपनीच्या कोडची एकही ओळ त्यात नको. पन्नास खाती पुरेत, त्यात पाच सम रुपये आणि ५० पैशांवर संपणारी, आणि एक टेस्ट जी साध्या `round` ने पडते व `ROUND_HALF_UP` ने पास होते. तुम्ही टेस्ट लिहू शकता की नाही हा प्रश्नच मग उरत नाही.

टेकी_भाऊ

मी माझं "डिस्ट्रिब्युटेड" मागे घेतो. पण एक गोष्ट विचारून राहिलो, पगाराचं काय? ११ वर्षं म्हटली की ते सीनियर धरतात आणि मग अल्गोरिदमच्या फेरीत कापतात. मी म्हणेन, तीन-चार वर्षांच्या जागेसाठी अर्ज कर.

जुनीमशीन

मी तसं केलं आणि दोन वर्षं कमी पगारावर अडकले. पुन्हा करणार नाही.

मैत्रेयी_बॅकएंड

यावर माझ्याकडे एक उत्तर नाही. आमच्या टीममध्ये त्यांना मधल्या पातळीवर घेतलं असतं, शेजारच्या टीमने नसतं घेतलं. अर्जात पातळी लिहू नका, पहिल्या फोनवर विचारा की या जागेवर आल्यावर सहा महिन्यांत काय करून हवं आहे.

इतवारीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही ओळी घातल्या, "बग दुरुस्ती" काढली. रेपो या रविवारी करतो. पोस्टग्रेसमध्ये आत्ताच चालवून पाहिलं: `numeric` ने १२५१ दिलं, `double precision` ने १२५०.

एक राहिलं. "इतकी वर्षं तिथेच का थांबलात?" असं विचारलं तर? खरं कारण असं की वडिलांचं आजारपण होतं, आणि मी सोडलं असतं तर १४ संस्थांचा मार्चएंड सांभाळायला सहकारी एकटा पडला असता. हे मुलाखतीत सांगावं की नाही?

जुनीमशीन

दुसरं कारण सांगा. पहिलं त्यांनी विचारलं तरच.